खिडकीतल्या बाटल्या

सकाळचे सव्वाआठ. सोलापुरातल्या आमच्या वॉर्डात चहाची किटली फिरून गेली आहे, पण खिडकीजवळच्या खाटेवरची मुलगी उपाशी आहे. चोवीस वर्षांची, पंढरपूरजवळच्या गावची, बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला. डोळ्यांखाली सूज आहे आणि पायात पैंजण रुततात म्हणून आईनं ते काढून रुमालात बांधून ठेवले आहेत. गेले तीन महिने सांधे दुखत होते, केस गळत होते, गालांवर लाली येत होती. आता लघवीला फेस येतो.

मी तिचा कागद पुन्हा एकदा वाचते. चोवीस तासांच्या लघवीत 4.2 ग्रॅम प्रथिनं. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला 150 मिलीग्रॅमहून जास्त जात नाहीत. लघवीत रक्ताच्या पेशीही आहेत. क्रिएटिनिन तीन आठवड्यांपूर्वी 1.1 होतं, काल 1.9 आलं. रक्ताच्या तपासण्या ल्युपसकडे बोट दाखवतात, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटली आहे.

"मॅडम, आजार कळलाय म्हणता," वडील हात जोडून उभे असतात. "मग परत किडनीत सुई कशाला? गावात म्हणत्यात, किडनीला सुई लागली की किडनी बाद होती."

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर घाईनं देण्यासारखं नाही. मी स्टूल ओढून बसते. "काका, किडनीला ल्युपसनं धरलंय एवढं रक्त-लघवीवरून कळलं. आत काय चाललंय ते कळलेलं नाही. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. त्यांत सूज पेटलेली असेल तर जोराची औषधं लगेच द्यायला लागतात. गाळण्यांच्या भिंती नुसत्या जाड झाल्या असतील तर उपचार वेगळा. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या असतील तर तो आणखी वेगळा. आणि सगळं आधीच जळून व्रण झाले असतील, तर जोराची औषधं देऊन पोरीचं फक्त नुकसान होईल. या चारही ठिकाणी लघवी अशीच दिसू शकते."

वडील मुलीकडे बघतात. "आणि तुकडा काढल्यावर?"

"दोन किडन्या मिळून वीसेक लाख गाळण्या असतात. आपण वीस-पंचवीस घेणार. तेवढ्यानं किडनी कमी होत नाही. भीती आहे ती रक्तस्रावाची, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही."

मी आकडे सांगते. शंभरातल्या तीन-चार जणांना लघवी लाल होते आणि बहुतेकांची आपोआप थांबते. एखाद-दोघांना रक्त चढवावं लागतं. हजारात काही मोजक्या लोकांना मांडीतून नळी घालून रक्त सांडणारी वाहिनी आतून बंद करावी लागते. जीव जाणं फार विरळ आहे, पण शून्य नाही. तिचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे आणि हिमोग्लोबिन 9.6 आहे, त्यामुळे तिचा धोका सरासरीपेक्षा थोडा जास्त धरायला हवा. वडील ऐकून घेतात. संमतीपत्रावर सही मात्र मुलगीच करते, नीट वाचून, शिक्षिकेसारखी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा हे सगळं ऐकतायत. त्यांच्याही लघवीत प्रथिनं जातात. ते मला विचारतात, "माझी नाही का करणार?" त्यांना अठरा वर्षं मधुमेह आहे, डोळ्यांच्या पडद्यावर त्याच्या खुणा आहेत आणि प्रथिनं हळूहळू, वर्षानुवर्षं वाढत आली आहेत. तिथे गोष्ट जुळते, सुईनं नवीन काही हाती लागणार नाही. खालच्या मजल्यावर बालविभागात अंग सुजलेला पाच वर्षांचा मुलगा आहे, त्याचीही बायोप्सी नाही. त्या वयात हा आजार बहुतेकदा स्टेरॉइडला दाद देतो, म्हणून आधी औषध द्यायचं आणि दाद मिळाली नाही तरच सुई. मोठ्या माणसात इतकी प्रथिनं जात असतील, किंवा क्रिएटिनिन कारण न कळता दिवसागणिक चढत असेल, तर मात्र थांबून चालत नाही.

साडेनऊला तिला सोनोग्राफीच्या खोलीत आणतात. तयारी सहा दिवसांपासून चालली आहे. सांधेदुखीच्या गोळ्या ती दाखल झाली त्याच दिवशी बंद केल्या, कारण त्या किडनीलाही घातक आणि रक्त गोठण्यालाही. आली तेव्हा रक्तदाब 158/100 होता. तेवढ्या दाबावर सुई घालणं म्हणजे भरल्या पाइपाला भोक पाडणं, म्हणून तो आधी औषधांनी खाली आणला. आज 132/84 आहे. प्लेटलेट 1,64,000, रक्त गोठण्याची वेळ ठीक. रक्तपेढीत तिच्या गटाची एक पिशवी जुळवून ठेवली आहे.

तिला पालथं झोपवतो. पोटाखाली चादरीची घट्ट गुंडाळी सारतो, म्हणजे किडनी पाठीकडे ढकलली जाते. सोनोग्राफीच्या पडद्यावर डावी किडनी येते. लांबी 11.2 सेंटिमीटर, आकार गुबगुबीत. हे पाहून मला बरं वाटतं. आक्रसलेली, पातळ झालेली किडनी दिसली असती तर मी सुई खाली ठेवली असती. तिथे व्रणांखेरीज काही सापडत नाही आणि रक्त मात्र जास्त सांडतं.

आपल्याला हवं ते खालचं टोक. किडनीच्या मधोमध मोठ्या रक्तवाहिन्या शिरतात, टोक त्यांच्यापासून सर्वात दूर असतं. दोन्ही किडन्यांतून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त वाहतं, हृदयाच्या एकूण पुरवठ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. जागा बोटभर चुकली तर काय होईल ते या आकड्यावरून समजावं.

"आता मुंगी चावल्यासारखं होईल," मी म्हणते आणि भूल देते. आधी कातडीत, मग खोल, किडनीच्या आवरणापर्यंत. भूल चढेपर्यंत बायोप्सी गन तिच्या कानाजवळ नेऊन हवेतच एकदा उडवते. टक्! स्टेपलर दाबल्यासारखा आवाज. ती दचकते. "हाच आवाज आत येईल. तेव्हा हलायचं नाही, म्हणून आधीच ऐकवला."

पात्याच्या टोकानं कातडीला मुगाच्या दाण्याएवढी चीर देते. त्यातून 16 गेजची सुई सोनोग्राफीच्या नजरेखाली पुढे सरकते. पडद्यावर ती पांढऱ्या रेघेसारखी दिसते. टोक आवरणाला टेकलं की एक गोष्ट हमखास दिसते. हात सोडला तरी सुई श्वासाबरोबर डोलायला लागते, कारण किडनी श्वासाबरोबर वर-खाली होते आणि सुई आता तिच्यावर टेकलेली आहे. याच क्षणी माणूस खोकला किंवा त्यानं मोठा श्वास घेतला तर किडनीला चीर जाऊ शकते. म्हणून श्वास धरण्याचा सराव तिच्याकडून सकाळीच करून घेतला आहे.

"श्वास घे. थोडा सोड. आता धर."

डोलणारी सुई थांबते. टक्! "सोड श्वास." सुई बाहेर येते. सगळं मिळून तीन-चार सेकंद.

सुईच्या खाचेत एक धागा पडलेला असतो. दीडेक सेंटिमीटर लांब, जाड दोऱ्याएवढा, फिकट गुलाबी. सलाइनच्या थेंबात तो अलगद सोडतो. पॅथॉलॉजी विभागातला आमचा सहकारी कोपऱ्यात छोटा सूक्ष्मदर्शक मांडून बसला आहे. चरबी असती तर पाण्यावर तरंगली असती, हा तुकडा बुडतो, म्हणजे किडनीच आहे. पण भिंगाखाली बघून तो मान हलवतो. "मॅडम, या. बघा."

मी हातमोजे वर धरून भिंगाला डोळा लावते. धाग्याच्या एका टोकाला तीन-चार लालसर ठिपके आहेत, सुईच्या टोकानं टोचून केल्यासारखे बारीक. त्या गाळण्या. पुढे मात्र नुसत्या सरळ लाल रेघा. तो किडनीचा आतला भाग, मेड्युला. तिथे गाळण्या नसतात. सुई थोडी उभी गेली आणि बाहेरचा थर पटकन ओलांडून आत शिरली.

चार गाळण्यांवर काही ठरवता येत नाही. हा हिशेब मी नवीन डॉक्टरांना नेहमी करून दाखवते. समजा, दर दहातली एकच गाळणी बिघडलेली आहे. तुम्ही दहा घेतल्या, तर बिघडलेली एकही हाती न लागण्याची शक्यता तीनात एक. वीस घेतल्या तर ती आठात एक होते. ल्युपसचा वर्ग ठरवायला निदान दहा हव्यात, वीस मिळाल्या तर समाधान. म्हणून मी दुसऱ्यांदा सुई घालते, या वेळी तिरपी, किडनीच्या कडेला समांतर, म्हणजे बाहेरच्या थरातूनच लांब धागा येईल.

टक्!

"आता भरपूर आहेत," कोपऱ्यातून आवाज येतो. मी थांबते. दर वेळी सुई घातली की रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे पुरेसं मिळाल्यावर हात आवरणं हेही कौशल्यच. सहकारी धाग्याचे तीन वाटे करतो. एक फॉर्मॅलिनमध्ये, नेहमीच्या सूक्ष्मदर्शकासाठी. एक वेगळ्या द्रावणात, चमकणाऱ्या रंगाच्या तपासणीसाठी. हा चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला तर ती तपासणी बिघडते, म्हणून त्या बाटलीवर लाल चिकटपट्टी आहे. तिसरा कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी.

मी जखमेवर तळहातानं दाब धरून उभी राहते. सोनोग्राफीत किडनीभोवती काळी कड अजून दिसत नाही. तिला उताणी करतो. सहा तास कूससुद्धा बदलायची नाही.

पण खरी बायोप्सी आता वॉर्डात सुरू होते. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब, मग अर्ध्या तासानं, मग तासाला. आणि बाटल्या. आमच्या सिस्टरांची ही जुनी पद्धत आहे. प्रत्येक वेळची थोडी लघवी पारदर्शक बाटलीत घ्यायची, वेळ लिहायची आणि खिडकीत ओळीनं मांडायची. उजेड पाठीमागून येतो, रंगातला फरक लपत नाही. "आधीपेक्षा लाल आहे का?" याचं उत्तर आठवणीवर सोडायचं नाही.

पावणेबाराची पहिली बाटली पिवळी. सव्वाची दुसरी किंचित गुलाबी, हे चालतं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी सिस्टर मला फोन करतात. "मॅडम, तिसरी लाल आहे. नाडी 104."

मी पोचते. खिडकीत दोन बाटल्यांशेजारी कोकमाच्या सरबतासारखी तिसरी उभी आहे. आई बाटल्यांकडे पाठ करून बसली आहे. मुलगी म्हणते, कमरेत डाव्या बाजूला दडपल्यासारखं दुखतंय. रक्तदाब 124/78. खाली आलाय, पण घसरलेला नाही. हातपाय गरम आहेत.

आता रक्त दोन वाटांनी जाऊ शकतं, हे मनात स्पष्ट ठेवावं लागतं. लघवीच्या मार्गात सांडलं तर ते बाटलीत दिसतं. किडनीच्या बाहेर, पाठीच्या पोकळीत सांडलं तर बाटली पिवळीच राहते आणि फक्त नाडी, दाब आणि कंबर बोलतात. म्हणून नुसत्या बाटल्यांवर विसंबायचं नाही. सोनोग्राफीचं यंत्र खाटेपाशी ओढून आणतो. किडनीच्या खालच्या टोकाला चंद्रकोरीसारखी काळी फीत आहे, जाडी दीड सेंटिमीटर. रंगीत डॉप्लरमध्ये कुठे रक्ताचा झोत सुटलेला दिसत नाही, धमनी आणि शीर एकमेकींत उघडल्याचीही खूण नाही. लघवीच्या पिशवीत गुठळ्या नाहीत. असत्या तर वाट अडली असती आणि नळी घालून पिशवी धुवावी लागली असती.

हिमोग्लोबिन पाठवतो. सकाळी 9.6, आता 8.7.

वडील दाराशी उभे आहेत. मी त्यांना पडद्यावरची फीत दाखवते आणि पुढचा हिशेब सांगते. "झोपून राहायचं, सलाइन चालू ठेवायचं. सहा तासांनी पुन्हा रक्त बघू. नाडी 120 च्या पुढे गेली, दाब 100 च्या खाली आला, दुखणं वाढत राहिलं किंवा हिमोग्लोबिन आणखी घसरलं, तर पिशवी चढवू आणि अँजिओग्राफीच्या डॉक्टरांना बोलावू. मी त्यांना आत्ताच सांगून ठेवते." किडनीभोवतीचं आवरण इथे मदतीला येतं. बंद जागेत साचणारं रक्त स्वतःच दाब धरतं आणि बहुतेक वेळा गळती थांबवतं.

सहाची चौथी बाटली तिसरीइतकीच लाल. पण जास्त नाही. नऊची पाचवी काळ्या चहासारखी. हा रंग मला आवडतो. लाल म्हणजे ताजं रक्त, तपकिरी म्हणजे आत थांबून बाहेर पडलेलं जुनं. नाडी 92. रात्री दहाला हिमोग्लोबिन 8.5, म्हणजे जवळपास जिथल्या तिथे. मी घरी जाते, फोन उशाशी ठेवते. मोठा रक्तस्राव बहुतेक पहिल्या आठ तासांत तोंड दाखवतो, पण सगळेच नाही. काही चोवीस तास घेतात. म्हणूनच या मुलीला मी संध्याकाळी घरी सोडणार नव्हतेच.

सकाळी सहाच्या बाटलीतून खिडकीबाहेरचा कडुनिंब दिसतो.

क्रिएटिनिन 2.1 झालंय. रिपोर्टची वाट पाहण्यात आता धोका आहे, म्हणून शिरेतून स्टेरॉइडचा पहिला मोठा डोस सुरू करतो. त्याच्या जोडीला कोणतं औषध, किती जोराचं, किती दिवस, हे मात्र त्या दोन धाग्यांवर ठरायचं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पॅथॉलॉजी विभागात दोघांना एकदम बघता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर बसले आहे. समोर आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम. काल अंधाऱ्या खोलीत त्यांनी चमकणाऱ्या रंगाची तपासणी दाखवली होती. IgG, IgA, IgM, C3, C1q, प्रत्येक काचेवर गाळणीची नक्षी हिरवी उजळत होती. एका वेळी सगळेच उजळणं ही ल्युपसची ओळख. आज उरलेल्या काचा आहेत, तीन मायक्रॉन जाडीचे काप, चार वेगवेगळ्या रंगांत बुडवलेले.

"मोजा," त्या म्हणतात. त्या मोजतात, मी मोजते. पहिल्या धाग्यात चार, दुसऱ्यात अठरा. एकूण बावीस.

एक पूर्ण व्रण झालेली, गुलाबी गोळा, आत एकही वाट उघडी नाही. चौदा पेटलेल्या. गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता, या चौदांत त्या वाहिन्या पेशींनी चोंदल्या आहेत. काही ठिकाणी भिंत वाकवलेल्या तारेसारखी जाड आणि ताठ दिसते, तिथे प्रतिपिंडांचा थर साचलाय. दोन गाळण्यांमध्ये भिंतच फाटून मेली आहे. आणि चारांत गाळणीच्या बाहेरच्या कोषात पेशींची चंद्रकोर वाढून गुंत्याला दाबते आहे. परवा सोनोग्राफीत चंद्रकोर रक्ताची होती, ही खरी भीतीची. ताजी, पेशींची कोर औषधानं मागे हटू शकते. तिचे तंतू झाले की ती तशीच राहते. या चारही ताज्या आहेत.

मग मॅडम गाळण्यांच्या बाहेर सरकतात. निळ्या रंगाच्या काचेवर व्रण निळा दिसतो. नलिकांच्या मधली जागा बहुतेक कोरी आहे, शंभरातल्या आठ-दहा भागांत निळे धागे आणि आक्रसलेल्या नलिका. रिपोर्टमध्ये घरचे लोक ही ओळ वाचत नाहीत, पण किडनी पुढे किती टिकेल हे ठरवण्यात तिचा वाटा मोठा असतो.

मॅडम रिपोर्ट सांगतात, मी लिहून घेते. ल्युपस नेफ्रायटिस, चौथा वर्ग, कारण निम्म्याहून जास्त गाळण्या पेटल्या आहेत. मग दोन आकडे. सक्रियता 24 पैकी 11, म्हणजे आज किती पेटलंय. जुनाटपणा 12 पैकी 3, म्हणजे किती जळून गेलंय. माझ्यासाठी सगळा रिपोर्ट या दोन आकड्यांत उभा आहे. तीनच्या जागी नऊ असते आणि अकराच्या जागी दोन, तर लघवीत तशीच प्रथिनं गेली असती, क्रिएटिनिन तसंच वाढलेलं असतं, आणि मी तिला हीच औषधं देऊन काहीच मिळवलं नसतं. गुठळ्या नाहीत, तेही लिहिलंय. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा अहवाल दोनेक आठवड्यांनी येईल. उपचार त्याच्यासाठी थांबणार नाहीत.

वॉर्डात येऊन मी तिघांना सांगते. स्टेरॉइडसोबत मायकोफेनोलेट, पहिले सहा महिने पूर्ण जोरात, मग कमी मात्रेत कित्येक वर्षं. या औषधावर असताना दिवस राहता कामा नयेत, हे मी मुलीला आईसमोरच स्पष्ट बोलते. दर पंधरा दिवसांनी लघवी आणि क्रिएटिनिन.

"मशीन लागंल का?" वडील विचारतात.

"आज नाही. पुढचं सहा महिन्यांत लघवी सांगेल. रिपोर्ट आत काय आहे ते सांगतो, औषधाला किती दाद मिळेल ते नाही."

मुलगी आता उशीला टेकून बसली आहे. खिडकीचा कठडा रिकामा आहे, सिस्टरांनी बाटल्या सकाळीच उचलल्या. काचेचा फोटो मी फोनवर काढून आणलाय, तो ती मागून घेते आणि बोटांनी मोठा करून बघते.

"यातली चांगली कुठली?"

मी उजव्या कोपऱ्यातली दाखवते. वाहिन्यांची तोंडं उघडी, भिंती कागदासारख्या पातळ.

"अशा किती आहेत?"

"बावीसातल्या सात."

ती मनातल्या मनात वजाबाकी करते. "मेलेली एक. म्हणजे चौदांसाठी हे सगळं."

"चौदांसाठी," मी म्हणते. सिस्टर सलाइनच्या नळीतला बुडबुडा टिचकी मारून वर घालवतात आणि स्टेरॉइडचा दुसरा डोस सुरू करतात.